सात घड्याळं, एक शुभेच्छापत्र

पुण्यातल्या एका टीमची मॅनेजर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता लॅपटॉप मिटायच्या आधी सगळ्यांना वर्षअखेरीच्या शुभेच्छा पाठवते, असं समजू. तारीख 18 डिसेंबर 2026. टीम सात ठिकाणी विखुरलेली आहे: पुणे, ऑकलंड, टोकियो, नैरोबी, पोलंडमधलं क्राकूव, ब्राझीलमधलं साओ पावलो आणि अमेरिकेतलं सिअ‍ॅटल. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट सांभाळणारं सॉफ्टवेअर ही टीम बनवते. यातली बरीच माणसं एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेली नाहीत.

ती बटण दाबते तेव्हा ऑकलंडमध्ये शनिवार उजाडायचा आहे, रात्रीचे साडेबारा वाजलेत. टोकियोत रात्रीचे साडेआठ. नैरोबीत दुपारचे अडीच, क्राकूवमध्ये साडेबारा. साओ पावलोत सकाळचे साडेआठ, आणि सिअ‍ॅटलमध्ये पहाटेचे साडेतीन. म्हणजे सात ठिकाणांपैकी दोन ठिकाणी माणसं गाढ झोपलेली, एका ठिकाणी जेवायला बसलेली आणि एक जण अजून कामालाही लागलेला नाही. त्यातही ऑकलंडची सुट्टी सुरू झाली आहे.

पत्रातला मजकूर मनापासूनचा आहे. तुम्हा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा, बर्फ पडत असेल, गरम कॉफी घ्या, कुटुंबासोबत सुट्टीचा आनंद लुटा, वर्ष भन्नाट गेलं, जानेवारीत दुप्पट जोमाने भेटू. सोबत हिमकणांचं चित्र. आता हेच पत्र एकेका ठिकाणी वाचून बघा. ऑकलंडला भर उन्हाळा आहे, पोहुतुकावाची झाडं लाल फुलांनी पेटली आहेत आणि लोक समुद्रावर जायच्या तयारीत आहेत. साओ पावलोतही उन्हाळा. टोकियोत 25 डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. तिथली मोठी सुट्टी 29 डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन 3 जानेवारीपर्यंत चालते. पुण्यातली मंडळी 28 तारखेला नेहमीसारखी कामावर असणार, आणि अनेक कार्यालयांत 1 जानेवारीलाही सुट्टी नसते. पत्र सगळ्यांना उद्देशून लिहिलं असलं, तरी चपखल बसतं ते क्राकूव आणि फार तर सिअ‍ॅटलला.

अशा टीमला शुभेच्छा देताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पत्र प्रत्येकाच्या दिवसात कधी पोचेल ही एक, आणि त्यात काय असेल ही दुसरी. दोन्ही साध्या वाटतात, पण दोन्हींना थोडं बसून काम करावं लागतं.

वेळेचं आधी पाहू. सातही जण कामावर असतील अशी एक वेळ शोधायला गेलं तर ती सापडत नाही. सिअ‍ॅटलचे सकाळचे नऊ म्हणजे पुण्याचे रात्रीचे साडेदहा, आणि क्राकूवमध्ये तेव्हा संध्याकाळचे सहा झालेले असतात. त्यामुळे ‘सगळ्यांना सोयीची वेळ’ म्हणून जी ठरते, ती बहुतेक वेळा मुख्य कार्यालयाच्या सोयीची असते. वर्षभरच्या मीटिंगांमध्ये हे चालवून घेतात, कारण तिथे बोलणं गरजेचं असतं. पत्राचं तसं नाही. ते प्रत्येकाला वेगळ्या वेळी पोचलं तरी काही बिघडत नाही, उलट तेच बरं.

माझ्या मते आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा. बुधवार, 16 डिसेंबर. सोमवार-मंगळवार कामाच्या गर्दीत जातात, आणि शुक्रवार पूर्वेकडे लवकर संपतो. सगळ्यांना आपापल्या घड्याळात सकाळी दहा वाजता पत्र मिळावं असं ठरवू आणि पुण्यात बसून वेळा काढू. ऑकलंडचे दहा म्हणजे पुण्याचे मध्यरात्रीनंतरचे अडीच. टोकियोचे दहा म्हणजे इथले सकाळचे साडेसहा. मग आपले दहा. नैरोबीसाठी दुपारी साडेबारा, क्राकूवसाठी अडीच, साओ पावलोसाठी संध्याकाळी साडेसहा, आणि सिअ‍ॅटलसाठी रात्री साडेअकरा. एकवीस तासांत सात पत्रं जातात, आणि सगळीकडे तारीख तीच, बुधवारचीच असते. रात्रभर जागायचं काही कारण नाही. जीमेलमधल्या Schedule send या पर्यायात वेळ लावून ठेवता येते. फक्त ती पाठवणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे धरली जाते, म्हणून वरचं गणित आपणच करायचं.

गणित नेहमी चुकतं ते उन्हाळी वेळेमुळे. जुलैत ऑकलंड पुण्याच्या साडेसहा तास पुढे असतं, डिसेंबरात साडेसात. सिअ‍ॅटल जुलैत साडेबारा तास मागे, डिसेंबरात साडेतेरा. क्राकूवही एका तासाने सरकतं. ब्राझीलने मात्र 2019 पासून घड्याळ बदलणं सोडलं, आणि नैरोबी, टोकियो, पुणे इथे ते बदलतच नाही. वर्षाच्या मध्यात पाठ झालेला फरक डिसेंबरात वापरला की काही पत्रं एक तास अलीकडे-पलीकडे जातात. एका तासाने दहाचे नऊ किंवा अकरा होतील, त्याचं फारसं काही नाही. पण पत्र सकाळी आठला लावलं असेल तर ते सातला फोनवर वाजतं. म्हणून फरक आठवणीतून घेऊ नये. त्या तारखेसाठी त्या शहराची वेळ नव्याने बघावी.

घड्याळाबद्दल माणसं किती हळवी असतात हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. भारतीय प्रमाणवेळ 1906 साली लागू झाली, तरी मुंबईने स्वतःची मुंबई वेळ 1955 पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती. दोन्हींत फरक 39 मिनिटांचा होता. आपला दिवस दुसऱ्याच्या घड्याळाने मोजला जाऊ नये ही भावना जुनी आहे, आणि आता तिला काही देशांत कायद्याचंही पाठबळ आहे. पोर्तुगालने 2021 मध्ये कायदा करून कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याचं बंधन मालकांवर घातलं. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून, कामाची वेळ संपल्यावर आलेल्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना मिळाला. शुभेच्छापत्रावरून कोणी खटला भरणार नाही. पण रात्री वाजलेला ऑफिसचा फोन हातात घेताना माणसाच्या मनात आधी काळजी येते, मग शुभेच्छा. म्हणूनच टीमच्या चॅटवर शुभेच्छा टाकायच्या असतील तर @channel लावू नये. त्याने सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. निरोप शांतपणे तिथे पडून राहू द्यावा. ज्याची सकाळ होईल तो वाचेल.

आता मजकूर. सर्वांना सामावून घ्यायचं म्हणजे जगातल्या सगळ्या सणांची यादी द्यायची, असा एक समज आहे. ख्रिसमस, हनुका, क्वान्झा आणि पुढे आणखी दोन-तीन नावं. मला ही यादी पटत नाही. ती कितीही लांबवली तरी कोणीतरी सुटतंच, आणि जो सुटतो त्याला ते जास्त जाणवतं. शिवाय यादीतून अंदाज बांधायची सवय लागते. टोकियोच्या सहकाऱ्याला फेब्रुवारीत चांद्र नववर्षाच्या शुभेच्छा देणारे लोक भेटतात, कारण पूर्व आशिया म्हटलं की चांद्र नववर्ष असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. जपानने 1873 पासून ग्रेगरी दिनदर्शिका स्वीकारली, आणि तिथलं नववर्ष 1 जानेवारीलाच असतं. नैरोबीचा सहकारी 25 डिसेंबरला ख्रिसमस साजरा करत असेल, किंवा इथिओपियन ऑर्थोडॉक्स असल्यामुळे 7 जानेवारीला करत असेल, किंवा मुसलमान असेल आणि त्याची वाट ईदकडे लागलेली असेल. नावावरून हे ठरवू नये.

यापेक्षा डिसेंबरच्या पत्रात वर्षाबद्दल बोलावं, आणि सणाच्या शुभेच्छा ज्याच्या-त्याच्या सणाला, ज्याने आपण होऊन सांगितलं आहे त्याला, वेगळ्या द्याव्यात. पुण्यातल्या माणसाला दिवाळीच्या दिवशी आलेल्या दोन ओळी डिसेंबरच्या यादीतल्या एका शब्दापेक्षा जास्त पोचतात. ‘वर्ष’ म्हणतानाही थोडं जपून. भारत आणि जपान दोन्हीकडे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, न्यूझीलंडचं करवर्षही तेव्हाच. ‘वर्ष संपलं, हिशोब पूर्ण झाला’ असं लिहिलं तर पुणे आणि टोकियोतल्या माणसांसमोर अजून तीन धावपळीचे महिने उभे असतात. ‘2026 संपत आलं’ एवढं म्हणणं सगळ्यांसाठी खरं आहे.

हवामान, कुटुंब आणि सुट्टी या तीन गोष्टीही गृहीत धरू नयेत. एकट्या राहणाऱ्या माणसाला ‘कुटुंबासोबत’ हा शब्द टोचू शकतो. आणि सुट्टीबद्दल लिहिताना कोण सुट्टीवर नाही ते आधी बघावं. आपल्या टीममध्ये 24 डिसेंबर ते 1 जानेवारी या दिवसांत पुणे आणि नैरोबी दवाखान्यांचे फोन सांभाळणार आहेत. पोलंडमध्ये 2025 पासून 24 डिसेंबरलाही सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा क्राकूव नसणार. ज्यांच्या जिवावर बाकीच्यांची सुट्टी होते त्यांची नावं पत्रात यायलाच हवीत, आणि बदली रजा कधी मिळणार हेही.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात: वर्षभरात नेमकं काय झालं ते आठवणं. लांबून काम करणाऱ्या माणसाची मोठी खंत ही असते की आपण काय केलं ते कोणी पाहिलंच नाही. एका इमारतीत असताना कोण उशिरापर्यंत थांबलं ते दिसतं. ऑकलंडची व्यक्ती तिच्या दिवसभरात एखादी अडचण सोडवते, तेव्हा बाकीचे झोपलेले असतात. सकाळी उठून पाहतात तर सगळं सुरळीत चालू. सुरळीत चाललेल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

म्हणून लिहायला बसताना स्मरणावर विसंबू नये. स्मरणात डिसेंबर आणि नोव्हेंबर असतात, आणि ज्यांच्याशी आपण रोज बोलतो तीच माणसं असतात. कामांची नोंद उघडावी आणि जानेवारीपासून महिन्यागणिक बघत यावं. रात्रीच्या ड्यूटीचा तक्ता बघावा. कोणाच्या हातून कोणतं काम बंद झालं ते बघावं. नंतर माणसांची यादी घ्यावी, आणि ती फक्त मनुष्यबळ विभागाची घेऊ नये, कारण कंत्राटावरचे, एजन्सीमार्फत आलेले लोक तिच्यात बरेचदा नसतात. बाळंतपणाच्या रजेवर कोण आहे, जूनमध्ये नोकरी सोडून कोण गेलं, तेही आठवावं. प्रत्येक नावासमोर एक खरी घटना लिहिता आली पाहिजे. एखाद्या नावासमोर काहीच सुचत नसेल तर तिथे गोड शब्द भरून पुढे जाऊ नये. त्या व्यक्तीच्या जवळच्या सहकाऱ्याला विचारावं. नावांचा क्रम हुद्द्याने लावला की त्याला बक्षीस समारंभाची कळा येते. घटना ज्या महिन्यात घडली त्या क्रमाने नावं आली की हा प्रश्न राहत नाही.

अशा तयारीनंतरचं पत्र साधारण पुढीलप्रमाणे होतं. प्रत्यक्षात ते सोप्या इंग्रजीत जाईल; इथे मराठीत देतो आहे आणि माणसांच्या नावांच्या जागी शहरं ठेवली आहेत.

‘नमस्कार. 2026 संपत आलं आहे. तुमच्या सकाळी हे पत्र मिळावं म्हणून ते वेगवेगळ्या वेळी पाठवलं आहे. उत्तराची घाई नाही.

मार्चमध्ये आपण जुन्या यंत्रणेतली माहिती नव्यात आणली. एकाच नावाच्या आणि एकाच जन्मतारखेच्या दोन रुग्णांची नोंद एकत्र होते आहे, हे नैरोबीच्या लक्षात आलं. तपासणीत ते आमच्या नजरेतून सुटलं होतं. मे महिन्यात साओ पावलोने वयस्क रुग्णांसाठी अपॉइंटमेंटचा पडदा नव्याने आखला. त्यानंतर “पुढे कुठे दाबायचं” असं विचारणारे फोन जवळजवळ थांबले. त्यांतले बरेच फोन तोवर सिअ‍ॅटलने शांतपणे घेतले होते. ऑगस्टमध्ये क्राकूवने लिहिलेली मार्गदर्शिका आता नव्या दवाखान्यांना आपण पहिल्या दिवशी देतो. टोकियोने ऑक्टोबरमध्ये एक आवृत्ती दोन दिवस रोखून धरली. तेव्हा सगळ्यांना घाई होती. थांबलो ते बरं झालं. आणि वर्षभर, आम्ही झोपलेलो असताना, ऑकलंडने यंत्रणेवर लक्ष ठेवलं. पुण्याच्या दोघांनी पावसाळ्यात वीज नसताना घरून काम चालू ठेवलं, तेही विसरलेलो नाही.

जूनमध्ये आपल्यातून गेलेल्या सहकाऱ्याने बांधलेला स्मरण-संदेशांचा भाग अजून रोज वापरात आहे.

24 डिसेंबर ते 1 जानेवारी पुणे आणि नैरोबी काम पाहतील. त्यांची बदली रजा 11 जानेवारीच्या आठवड्यात ठरली आहे. बाकीच्यांनी या दिवसांत निरोप बघू नयेत.

येत्या दिवसांत तुमचा सण असेल तर तो आनंदात जावो. ज्यांच्यासाठी हे नेहमीचेच दिवस आहेत, त्यांना थोडी निवांत संध्याकाळ मिळो. तुमच्यासोबत काम करायला मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.’

या पत्रात काही गोष्टी मुद्दाम नाहीत. पुढच्या वर्षाची उद्दिष्टं नाहीत, कारण ती आली की वाचणाऱ्याला वरचं सगळं प्रस्तावना वाटू लागतं. पगारवाढ, बोनस, टीमच्या रचनेतले बदल यांपैकी काही सांगायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या निरोपात सांगावं. क्रिकेट किंवा बेसबॉलच्या उपमा नाहीत. क्राकूवच्या माणसाला शेवटच्या षटकातला षटकार समजत नाही. आणि ऑक्टोबरचा उल्लेख नीट वाचा: टोकियोशी तेव्हा मतभेद झाले होते आणि टोकियोचं म्हणणं बरोबर निघालं, हे तिथे नोंदलं गेलं आहे. मतभेद झाकून ‘सगळं छान झालं’ म्हणणारं पत्र टीममधल्या कोणालाच खरं वाटत नाही.

पाठवण्याआधी पत्र दोघांना दाखवावं, शक्यतो दूरच्या ठिकाणच्या. नावांची अक्षरं तपासावीत. साओ पावलोच्या माणसाच्या नावातलं अनुनासिक चिन्ह आणि पोलिश नावातली तिरपी रेघ तो माणूस स्वतः जशी लिहितो तशीच यावीत. जपानी नावात आडनाव आधी येतं की नाही हे त्या व्यक्तीच्या पसंतीवर ठेवावं. जपानमध्ये वर्ष संपण्याआधीचं अभिवादन आणि 1 जानेवारीनंतरचं अभिवादन वेगवेगळी असतात, हेही असा वाचणारा सांगतो. नववर्षाचं अभिनंदन तिथे वर्ष उजाडल्यावरच करतात. म्हणून वरच्या पत्रात नव्या वर्षाचं अभिनंदन नाही. संपणाऱ्या वर्षाबद्दलच लिहिलं आहे.

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात. एका देशात घेतलेलं गिफ्ट कार्ड दुसऱ्या देशात बरेचदा चालत नाही, आणि पार्सल पाठवलं तर ते घेणाऱ्यालाच सीमाशुल्क भरावं लागण्याची शक्यता असते. त्यापेक्षा सगळ्यांना सारख्या मोलाची रक्कम देऊन आपापल्या गावात हवं ते घ्यायला सांगावं.

एक पत्र मात्र या सातांपासून वेगळं लिहावं लागू शकतं. या वर्षी ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याला आनंदाचं सामुदायिक पत्र तसंच पाठवू नये. आपल्याकडे दुखवट्याच्या घरात पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत. शेजारपाजारचे आणि नातेवाईक आपल्याकडचा फराळ नेऊन देतात. सण त्या घरात होत नाही, पण त्या घराला कोणी एकटंही सोडत नाही. जपानमध्ये नववर्षाची पत्रं पाठवण्याची मोठी प्रथा आहे, आणि ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल ते घर डिसेंबरच्या सुरुवातीलाच आप्तेष्टांना कळवतं की यंदा आमच्याकडून शुभेच्छा येणार नाहीत. ज्यांना हे कळतं, ते त्या घराला नववर्षाचं अभिनंदन पाठवत नाहीत. पुणे आणि टोकियो इतके दूर असूनही दोन्हीकडची समज सारखी आहे. टीममध्ये अशी व्यक्ती असेल तर तिच्या कामाची ओळ सामुदायिक पत्रात जरूर असावी, कारण तिला गाळलं तर तेही लागेल. पण त्या पत्राच्या आधी तिला चार ओळी वेगळ्या जाव्यात: उद्या सगळ्यांना पत्र जाणार आहे, तुमचं वर्ष कसं गेलं ते मला ठाऊक आहे, ते वाचायची किंवा उत्तर द्यायची गरज नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव. ते नाव लिहायला लोक कचरतात. लिहावं.

मग बुधवारी उत्तरं यायला लागतात. आधी ऑकलंड, शेवटी बहुधा सिअ‍ॅटल, एखादं दोन दिवसांनी. पत्र कुठे पोचलं हे उत्तरांवरून कळतं. नुसते अंगठे आले, तर मजकूर कोणालाही लागू पडेल असा होता. कोणी लिहिलं की ‘मार्चमधल्या त्या दोन नोंदी मलाही आठवतात, पण आधी त्या सिअ‍ॅटलच्या एका फोनमुळे माझ्या नजरेत आल्या’, तर पत्र नीट वाचलं गेलं, आणि मॅनेजरला माहीत नसलेली एक गोष्टही हाती आली. ती तेव्हाच एका फाईलमध्ये लिहून ठेवावी आणि सिअ‍ॅटलला त्याच्या सकाळी कळवावी. जे उत्तर देत नाहीत त्यांच्यामागे लागू नये. उत्तराची घाई नाही असं आपणच लिहिलेलं असतं.